जुन्या पत्रांतील अनुस्वार : नक्कल करताना घ्यावयाची दक्षता

गावातील जुनी पत्रे विद्यार्थ्यांकडून उतरवून घेताना शिक्षकाचा हात नकळत तांबड्या शाईकडे जातो. 'केलें', 'नाहीं', 'नांव' असे लेखन दिसले की अनुस्वार खोडावासा वाटतो. परंतु अनुच्चारित अनुस्वार नियमाने गेले ते १९६२ साली, शासनाने साहित्य महामंडळाचे नियम मान्य केल्यावर. त्यापूर्वीच्या पत्रात ते शुद्धच होत.

शिरोबिंदू एक असला तरी त्याची कामे निरनिराळी असतात. आपल्याच तालुक्यांची नावे जुन्या वळणाने लिहून पाहावीत. 'संगमनेर' यातील बिंदू पुढील ग-मुळे ङ्-चे काम करतो. 'श्रीगोंदें' यातील पहिला बिंदू द-पूर्वीचा न् आहे. शेवटचा उच्चारला जात नाही, तो नपुंसकलिंगाची खूण आहे. 'कोपरगांव' यातील बिंदू मूळच्या 'ग्राम' शब्दातील म्-चा अवशेष होय. काही लेखक तर 'जन्म' हा शब्दही 'जंम' असा लिहीत. अशी लकब जशीच्या तशी उतरली तर नाव नसलेले दुसरे पत्र त्याच हातचे आहे काय, हे ताडून पाहता येते.

आता समजा, एका पत्रात असे वाक्य आहे : 'गाय व वासरें घोडेगांवच्या बाजारांत नेलीं. तीं विकलीं.' येथे सर्वच जनावरे विकली गेली. त्याच जागी 'ती विकली' असते, तर एकटी गाय विकली गेली असा अर्थ झाला असता. आजच्या लेखनात दोन्ही वाक्ये 'ती विकली' अशीच होतात. म्हणजे नक्कल करणाराने दोन टिंबे गाळली, की वासरे विकली की परत आणली, हे पुढच्या वाचकाला कळण्याचा मार्ग उरत नाही.

मात्र टिंबावर विसंबण्यापूर्वी लेखकाची सवय पाहावी. त्याच पत्रातील 'झालें', 'आलें', 'घरीं' असे दहा-बारा शब्द तपासावेत. तेथे बिंदू नियमाने असतील तर 'ती' व 'तीं' हा भेद विश्वसनीय समजावा. कोठे आहेत, कोठे नाहीत असे असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. टाकाने लिहिलेल्या पत्रात शाईचा शिंतोडाही बिंदूसारखा दिसतो. कागद पालथा करून उजेडासमोर धरला तर दाबून दिलेला बिंदू बहुधा ओळखू येतो. तरीही शंका राहिल्यास शब्दापुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालावे.

वहीत डाव्या पानावर मूळ ओळ अक्षरशः उतरावी आणि उजव्या पानावर आजच्या लेखनातील वाचन द्यावे. मुलांना समजावून सांगावयाचे ते उजव्या पानावरून. पत्राच्या माथ्यावर 'अहमदनगर' किंवा नुसते 'नगर' असेल तर डाव्या पानावर तेच राहील. २०२४ साली आलेले 'अहिल्यानगर' हे नाव उजवीकडे लिहावे.