एक चौथरा, तीन चष्मे

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं शाखा उघडली, तीसुद्धा बिनकुलपाची. नेवासा तालुक्यातल्या या उघड्या गावात बायकांना बंद होती ती नेमकी अशी जागा, जिला भिंत नाही, छप्पर नाही आणि दारही नाही: शनीच्या शिळेचा चौथरा.

पितृसत्ता म्हणजे काय, हे पुस्तकातून कळायला वेळ लागतो. या चौथऱ्यावर ते लवकर कळतं. स्त्रीवादाच्या तीन जुन्या घराण्यांचे, म्हणजे उदारमतवादी, जहाल आणि समाजवादी असे चष्मे एकेक करून लावून बघू.

चष्मा पहिला: नियम सगळ्यांना सारखा

२०१५ च्या नोव्हेंबरअखेर एक तरुणी चौथऱ्यावर चढली, दर्शन घेतलं आणि निघून गेली. मग शिळेला दुधाचा अभिषेक झाला, देवस्थानचे सात कर्मचारी निलंबित झाले. २६ जानेवारी २०१६ ला तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेडचा ताफा पुण्याहून निघाला, तो पोलिसांनी सुप्यातच अडवला. (हा वाद तेव्हाचा नव्हे. डॉ. दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू आणि एन. डी. पाटील २००० सालीच याच मागणीसाठी रस्त्यावर उतरले होते.)

इकडे विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. खरी गंमत इथं आहे. नवा कायदा करावाच लागला नाही. सार्वजनिक हिंदू पूजास्थानात प्रवेश अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद देणारा कायदा महाराष्ट्रात १९५६ पासून आहे. तो झाला जातीमुळे दाराबाहेर ठेवलेल्यांसाठी, पण त्यातले शब्द बायकांनाही तितकेच लागू पडत होते. इतकी वर्षं तो या कामासाठी फारसा कुणी वापरला नव्हता, एवढंच. १ एप्रिल २०१६ ला न्यायालयानं सरकारला सांगितलं, कायद्याची अंमलबजावणी करा.

उदारमतवादी स्त्रीवादाचं सूत्र हेच. १७९२ मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टनं मुलींना मुलांसारखं शिक्षण मागितलं, तेव्हापासून हे घराणं हक्क, कायदा आणि संधी यांची भाषा बोलतं. पुरुषाला जाता येतं ना? मग बाईलाही जाऊ द्या.

पण देवस्थानानं याच सूत्रातून पळवाट काढली. बायकांना सोडायचं नसेल तर पुरुषांनाही सोडू नका, झाली समानता! चौथरा सगळ्यांना बंद झाला. नुसता सारखेपणा मोजणाऱ्याला यावर हरकत घेणं अवघडच जातं, कारण दोन्ही पारड्यांत शून्य. ही बंदी मोडली ती गावातल्या पुरुषांनीच. ८ एप्रिलला गुढीपाडवा होता. पाडव्याला नदीचं पाणी आणून शिळेला घालायची रीत. बंदी झुगारून पुरुष चौथऱ्यावर चढले, आणि मग देवस्थानाला सगळ्यांनाच वाट मोकळी करावी लागली. त्याच दिवशी बायका चढल्या. म्हणजे हक्क न्यायालयात मिळाला, तो अंमलात मात्र आला पुरुषांना स्वतःची बंदी सोसवेना म्हणून.

चष्मा दुसरा: पण दूध कशाला?

जहाल स्त्रीवादी इथं वेगळाच प्रश्न टाकते. कायद्याचं राहू द्या, आधी सांगा की एका बाईचे पाय लागले म्हणून शिळा दुधानं का धुवावी लागली? घामानं निथळणारे पुरुष रोज वर जात, तेव्हा ती विटाळली नाही. म्हणजे मुद्दा शिस्तीचा नाही, बाईच्या शरीराचा आहे. केट मिलेटनं १९७० मध्ये मांडलं ते हेच: सत्ता संसदेत असते तशीच ती शेजघरात, देवघरात आणि विटाळाच्या कल्पनेतही असते. कायदा बदलला तरी ही सत्ता जागची हलत नाही.

याचा पुरावा पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांतच आला. शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती म्हणाले की बायकांनी शनीची पूजा केली तर बलात्कार वाढतील. जहाल मांडणीला इतका आयता पुरावा तिच्या कडव्या विरोधकाशिवाय कोण देणार?

हा चष्मा एके ठिकाणी मात्र धूसर होतो. जानेवारी २०१६ मध्ये, वाद ऐन रंगात असताना, देवस्थानाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक महिला आल्या, अनिता शेटे. त्यांनी परंपरेची बाजू घेतली. सगळे पुरुष एका बाजूला आणि सगळ्या बायका दुसऱ्या, असा सरळ हिशोब मांडणाऱ्याची इथं पंचाईत होते. डेनिझ कँडियोटी या अभ्यासिकेनं १९८८ मध्ये याला पितृसत्तेशी केलेली घासाघीस म्हटलं. घरातली सासू करते तेच: नियम पाळायचे, पाळायला लावायचे आणि त्या बदल्यात थोडा मान पदरात पाडून घ्यायचा. तो व्यवहार मूर्खपणाचा नसतो, हे पटलं की अशा बाईवर नुसतं चिडून भागत नाही.

चष्मा तिसरा: चला, फडात

समाजवादी स्त्रीवादी चौथऱ्यावर फार वेळ थांबत नाही. तिचं म्हणणं, घाम कोणाचा आणि पैसा कोणाच्या हातात, ते आधी दाखवा. एंगल्सनं १८८४ मध्ये कुटुंब आणि मालमत्ता यांची सांगड घातली. (आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्याच्या दोन वर्षं आधीच पुरुषांचा हिशोब मागून मोकळ्या झाल्या होत्या.) पुढे हायडी हार्टमननं दाखवलं की भांडवलशाही आणि पितृसत्ता एकमेकींना धरून चालतात.

हे बघायला शिंगणापूरचा जिल्हा सोडायची गरज नाही. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला झाली, आणि ऊस तोडायला जाणारी माणसं पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू पट्ट्यातून निघतात. तिथं मजुरांची गणती होते कोयत्यात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतली जाते. ती दोघांच्या कष्टावर असते, पण बोलणी नवऱ्याशी आणि रक्कम त्याच्याच हातात. मग हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडायची.

फडात नवरा ऊस तोडतो. बायकोही तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेते. त्याआधी पहाटे भाकऱ्या, नंतर पाणी, सरपण, पोरं. हे दुसरं काम टनात मोजलं जात नाही, पण ते झालं नाही तर दुसऱ्या दिवशी कोयता फडात उभाच राहणार नाही. कारखान्याला रोज ताजातवाना मजूर मिळतो, तो या फुकटच्या कामामुळे. पाळी आली म्हणून बायको घरी बसली तर खाडा, आणि त्याचा दंड.

या फडात तिन्ही घराण्यांचं भांडण मिटतं असं नाही, पण प्रत्येकीला आपला धागा सापडतो. पहिली म्हणते, कोयता फोडा, बाईच्या नावानं वेगळी नोंद करा, मजुरी तिच्या खात्यात भरा. दुसरी बोट ठेवते पाचटाच्या कोपीवर, जिला आडोसा असा नाहीच, मुकादमाच्या नजरेवर, आणि शेजारच्या बीडमध्ये २०१९ ला गाजलेल्या गर्भाशयं काढण्याच्या प्रकरणावर. तिसरी विचारते, खातं काढलं तरी उचलीचं ओझं फिटणार कसं, आणि भाकरी थापणार कोण?

माझं मत विचाराल तर चौथऱ्यावर पहिला चष्मा सर्वांत कामाला आला आणि फडात तिसरा. दुसऱ्यावाचून दोन्हीकडे अर्धंच दिसतं.

एकट्या माणसाला फडात अर्धा कोयता म्हणतात. विधवा किंवा टाकलेली बाई एकटी आली तर मुकादम तिला टोळीत घ्यायला कां-कूं करतो. मग तिला भाऊ नाहीतर मुलगा जोडीला घेऊन कोयता पुरा करावा लागतो, आणि उचल जाते त्या भावाच्या नाहीतर मुलाच्या हातात.