वर्गमुळाची कळ आणि नैसर्गिक लॉग

साध्या कॅल्क्युलेटरवर लॉगची कळ नसते, वर्गमुळाची असते. २ हा आकडा घालून ती कळ दहा वेळा दाबा. पहिल्यांदा १.४१४२१३५६२ येते, मग १.१८९२०७११५, आणि घसरत घसरत दहाव्या वेळी १.०००६७७१३१. दहा वेळा वर्गमूळ काढणे म्हणजे १०२४ वे मूळ काढणे. आता यातून १ वजा करा आणि उरलेल्या शेपटाला १०२४ ने गुणा. उत्तर ०.६९३३८२ येते. २ चा नैसर्गिक लॉग आहे ०.६९३१४७. आजच्या भागाचे सूत्र एवढेच सांगते की n वाढवत नेला की n(a^(1/n) − 1) ही राशी ln a कडे जाते. प्रश्न असा, की मूळ काढणे, एक वजा करणे आणि गुणणे एवढ्यातून लॉग नेमका कुठून उपटला?

पहिली शंका रास्त आहे. n अनंताकडे जातो आणि कंसातले शून्याकडे. मग गुणाकार कशावरून कुठे तरी थांबेल? यासाठी a हा १ पेक्षा मोठा धरून n दुप्पट केल्यावर काय होते ते पाहू. a च्या 2n व्या मुळाला r म्हणा. आधीची राशी n(r² − 1), म्हणजेच n(r − 1)(r + 1). नवी राशी 2n(r − 1). r हा १ पेक्षा मोठा असल्याने r + 1 हा २ पेक्षा मोठा, म्हणून नवी राशी आधीपेक्षा लहानच असणार. आता n(1 − a^(−1/n)) ही तिची जुळी बहीण घ्या. तसेच अवयव पाडले की दिसते, ही प्रत्येक दुपटीला वाढते, पण पहिलीच्या खालीच राहते. वरची उतरते, खालची चढते, आणि दोघींमधले अंतर शून्याकडे जाते. दोघी एकाच संख्येवर भेटणार हे ठरले. (हे दुपटीपुरते झाले, मधल्या n साठीही ते खरेच आहे, बीजगणित मात्र लांबते.) आपल्या उदाहरणात खालची राशी ०.६९२९१३ येते. दोघींची सरासरी ०.६९३१४७५, म्हणजे दहा दाबांत सहा दशांश स्थळे बरोबर!

पण ही संख्या लॉगच कशावरून? कॉलेजात हे उदाहरण लोपितालच्या नियमाने दोन ओळींत सुटते. त्यावर तक्रार अशी, की तिथे वापरलेल्या a^x च्या विकलजात ln a आधीच बसलेला असतो. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले जाते. तक्रार खरी आहे, आणि ती टाळताही येते. लॉगची ओळख म्हणजे गुणाकाराची बेरीज करणे. (ab)^(1/n) − 1 याचे दोन तुकडे पाडा: (a^(1/n) − 1)·b^(1/n) आणि b^(1/n) − 1. दोन्हींना n ने गुणा. n वाढला की b^(1/n) हा १ होत जातो, आणि ab ची सीमा म्हणजे a ची अधिक b ची, हे समोर उभे राहते. आता फक्त पाया शोधायचा. सीमा १ यावी म्हणून a^(1/n) हे साधारण 1 + 1/n असायला हवे, म्हणजे a साधारण (1 + 1/n)^n. आणि ही राशी जिकडे जाते त्या संख्येलाच आपण e म्हणतो. पाया e कुणी निवडलेला नाही, n ने गुणण्यातूनच तो आला.

लॉगची कोष्टके बनवणाऱ्या हेन्री ब्रिग्जला मात्र पाया १० हवा होता. १६२४ च्या आपल्या ग्रंथासाठी त्याने १० चे लागोपाठ ५४ वेळा वर्गमूळ काढले, तेही हाताने. २ चे शेपूट भागिले १० चे शेपूट, दोन्ही मुळे सारखीच खोल, असे केले की n छेदून जातो आणि २ चा दशमान लॉग मिळतो. शेवटच्या मुळात १ नंतर पंधरा शून्ये येतात आणि मग कुठे पहिला अंक. म्हणून त्याला तीसहून अधिक दशांश स्थळे सांभाळावी लागली. आपल्या नऊ स्थळांच्या यंत्रात हे जमणार नाही. चौदाव्या दाबानंतर २ साठी ०.६९३१५८ मिळते, आणि एका बाजूच्या राशीपुरते त्याहून फारसे चांगले मिळत नाही. पुढे सूत्राची चूक घटते, पण शेपटातले अंकच गळू लागतात आणि n ने गुणताना ती गळती फुगते. तिसाव्या दाबाला १.००००००००१ दिसले तर उत्तर १.०७ येते. एकतिसाव्याला पडद्यावर नुसता १ उरतो, आणि लॉग शून्य.