कंपनीचे दफ्तर (लेखांक ६) : जुन्या सहीचा अधिकार कोण काढणार?

बँक खात्यावरच्या सह्या बदलण्याचा ठराव बहुतेक खासगी कंपन्यांत जुन्या नमुन्यावरून उतरवला जातो. नवे नाव त्यात व्यवस्थित येते, चूक होते ती जुने नाव काढताना. संचालकाने राजीनामा दिला म्हणजे त्याचा सहीचा अधिकारही गेला, असे गृहीत धरले जाते. पण हा अधिकार संचालकपदातून आलेलाच नसतो. तो मंडळाच्या ठरावातून येतो. म्हणूनच संचालक नसलेल्या हिशेब अधिकाऱ्यालाही तो देता येतो. बँक प्रत्येक चेकमागे कंपनी निबंधकाची नोंद तपासत बसत नाही. तिच्याकडे असलेली सूचना आणि नमुना सही यांवरच ती पैसे देते. त्यामुळे ठरावाने दिलेला अधिकार ठरावानेच, आणि तोही स्पष्ट शब्दांत, काढून घ्यावा लागतो.

एक प्रकरण धरून चालू. चाकणच्या एका छोट्या कंपनीत क, ख आणि ग असे तीन संचालक आहेत. चालू खात्यावर क आणि ख यांपैकी कोणाही एकाची सही चालते. ख यांचा राजीनामा कंपनीला ५ जूनला मिळाला आणि पत्रात ३० जूनच्या कामकाजाअखेर पद सोडत असल्याचे लिहिले आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६८ प्रमाणे पत्र मिळाल्याची तारीख आणि पत्रात दिलेली तारीख यांपैकी जी नंतरची ती लागू होते. म्हणजे इथे ३० जून. मंडळाची सभा २२ जूनला आहे. त्या दिवशी ख अजून संचालक आहेत, म्हणून सभेची नोटीस त्यांनाही गेलीच पाहिजे. हीच सभा जुलैमध्ये घेतली तर दोनच संचालक उरतात, आणि गणपूर्ती किमान दोनांची असल्याने दोघांनाही हजर राहावे लागेल.

आता ठरावाची प्रस्तावना. तिचे काम घडलेल्या गोष्टी सांगणे एवढेच आहे: “ज्याअर्थी, मंडळाच्या १२ ऑगस्ट २०१९ च्या ठरावान्वये कंपनीच्या अमुक क्रमांकाच्या चालू खात्यावर श्री. क व श्री. ख यांना स्वतंत्रपणे सही करण्याचा अधिकार देण्यात आला आहे. आणि ज्याअर्थी, श्री. ख यांचा राजीनामा कंपनीस ५ जून रोजी मिळाला असून तो ३० जूनच्या कामकाजाअखेर अमलात येत आहे;” इथेच थांबावे. अनेक मसुद्यांत पुढे “त्यामुळे त्यांचा सहीचा अधिकार संपुष्टात येत आहे” असे जोडलेले असते आणि मुख्य ठरावात फक्त ग यांची नेमणूक येते. असा ठराव बँकेत गेला की कारकून ग यांची सही वाढवतो आणि ख यांची तशीच राहते. त्याला दोष देता येत नाही, कारण प्रस्तावनेत माहिती असते, आदेश नसतो.

आदेश पुढच्या भागात हवा: “त्याअर्थी, असा ठराव करण्यात येत आहे की, श्री. ख यांना उपरोक्त ठरावान्वये दिलेला सदर खात्यावरील सहीचा अधिकार, नेट बँकिंगद्वारे व्यवहार करण्याच्या व मंजुरी देण्याच्या अधिकारासह, ३० जूनच्या कामकाजाअखेर रद्द करण्यात येत आहे. १ जुलैपासून श्री. क व श्रीमती ग यांना सदर खाते चालवण्यास प्राधिकृत करण्यात येत आहे. दोन लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर दोघांपैकी कोणाही एकाची व त्यावरील रकमेच्या व्यवहारावर दोघांची संयुक्त सही आवश्यक राहील.” नेट बँकिंगचा उल्लेख मुद्दाम केला आहे. चेकवरची सही काढली, पण यूझर आयडी आणि ओटीपी जाणारा मोबाइल क्रमांक तसाच राहिला, तर खाते उघडेच असते. शिवाय रकमेची मर्यादा चेकला लागू आणि ऑनलाइन व्यवहाराला नाही, अशी फट ठेवू नये.

काही सनदी लेखापाल यावर म्हणतील की, “यापूर्वीचे सर्व ठराव रद्द” असे एक वाक्य घातले की सगळेच सुरक्षित. मला हे वाक्य धोक्याचे वाटते. याच बँकेत कंपनीचे कॅश क्रेडिट असेल, तर ते कर्ज घेण्याचा, तारण देण्याचा ठरावही “यापूर्वीच्या सर्व ठरावां”मध्ये येतो. बँकेचा कर्ज विभाग मग नवा ठराव मागतो आणि तो येईपर्यंत नूतनीकरण अडकते. म्हणून ठरावाची तारीख, खाते क्रमांक आणि रद्द होणारा नेमका अधिकार लिहावा, बाकीचे ठराव कायम राहतील असेही एक वाक्य घालावे.

सर्वात दुर्लक्षित प्रश्न वाटेत असलेल्या चेकांचा. ख यांनी २८ जूनला सही करून दिलेला चेक पुरवठादार १० जुलैला भरतो. चेकची मुदत तीन महिन्यांची, सही त्या दिवशी वैध, तरीही नव्या सूचनेमुळे बँक तो परत पाठवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम प्रकरणात स्पष्ट केले आहे की, सह्यांचे अधिकारी बदलल्यामुळे चेक परत आला तरी परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होऊ शकते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे देऊन टाकण्याची संधी कंपनीला असते, पण ती वेळ येऊच का द्यावी? ख यांच्या सहीचे न वटलेले चेक क्रमांक, तारीख, रक्कम यांसह यादीत घेऊन ते वटवण्याची विनंती करणारे कलम ठरावात घालावे आणि बँकेची लेखी संमती घ्यावी. पुढच्या तारखांचे चेक, समजा यंत्राच्या हप्त्यांचे, परत घेऊन नव्या सहीने देणेच बरे.

बँकेचा छापील नमुना असताना एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. तो नमुना भरून द्यावाच लागतो. पण तो बँकेने आपल्या सोयीसाठी लिहिलेला असतो, आणि त्यात कित्येकदा सही करणाऱ्याला ओव्हरड्राफ्ट व कर्ज घेण्याचाही अधिकार दिलेला असतो. कलम १७९ नुसार कर्ज घेण्याचा निर्णय मंडळाच्या सभेतच व्हावा लागतो. केवळ सह्या बदलायच्या असतील तर कलम १७५ खाली ठराव फिरवून संमत करता येतो. कर्जाचे वाक्य आत शिरले की तो मार्ग बंद. मंडळाला कर्जाचा अधिकार द्यायचा नसेल, तर नमुन्यातली ती ओळ खोडून बँकेशी बोलून घ्यावे.

प्रमाणित प्रतीसाठी इतिवृत्तावर सही होण्याची वाट पाहायची गरज नाही. ठरावाचा मसुदा सभेपुढे ठेवलेला असेल तर आधीही प्रत देता येते. कंपनी सचिव नसल्यास मंडळाने प्राधिकृत केलेल्या संचालकाने ती प्रमाणित करावी, आणि तो संचालक ख नसावा. प्रत ३० जूनपूर्वी शाखेत द्यावी, पोच घ्यावी, आणि जुनी सही व यूझर आयडी दोन्ही बंद झाल्याचे बँकेकडून लेखी मागावे. तसे पत्र हाती येईपर्यंत खात्याचे विवरण रोज पाहावे. कॅश क्रेडिटचा ठराव पुढच्या आठवड्यात घेऊ.