फोटोतले मशरूम : टाकायचे की ठेवायचे?

फ्रीजमधून पाकीट काढायचं, फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर विचारायचं, "चालतील का हे?" आता हे सर्रास होतं. बटण मशरूम आणि मोड आलेले मूग यांच्याबाबत हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण दोन्ही पटकन नासतात आणि नासण्याआधीच रंग बदलायला लागतात. हे टाकायचे, एवढं फोटो बघून बरेचदा खात्रीने सांगता येतं. हे नक्की चांगले आहेत, असं मात्र फोटोवरून कधीच सांगता येत नाही.

आधी मशरूमचा रंग बघू. पांढऱ्या मशरूमला बोट लागलं, धक्का लागला की तिथे तपकिरी डाग पडतो. कापून ठेवलेलं सफरचंद काळवंडतं तसंच हे आहे. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तपकिरी रंग तयार करतं. डाग कोरडा असेल आणि खालचा गर घट्ट असेल तर नुसत्या रंगासाठी मशरूम टाकू नयेत. टोपी उघडून खालच्या तपकिरी पापुद्र्या दिसू लागल्या, तर मशरूम जून झालं एवढंच समजायचं. डाग खोलगट, ओलसर आणि चकचकीत असेल तर गोष्ट वेगळी. स्युडोमोनस जातीचे जिवाणू मशरूमच्या ओल्या पृष्ठभागावर वाढले की असे डाग पडतात. म्हणूनच मशरूम धुऊन ओले ठेवले की लवकर खराब होतात.

खरी पंचाईत चकाकीची. पाकिटाच्या प्लास्टिकखाली वाफ साचून मशरूमवर पाणी जमतं, आणि फोटोत तेही बुळबुळीत दिसतं. एकदा भाचीने असाच फोटो पाठवला : दोनशे ग्रॅमचं पाकीट, स्वयंपाकघरातला पिवळा दिवा, वर फ्लॅश. सगळे मशरूम पिवळट आणि चमकदार दिसत होते. "मावशी, टाकून देऊ का गं?" मी तिला म्हटलं, पाकीट उघडून खिडकीपाशी ने, फ्लॅश बंद कर, शेजारी पांढरा कागद ठेव. एक मशरूम कोरड्या टिश्यूने पूस, एक उलटं ठेव आणि एक देठासकट उभं चीर.

दुसऱ्या फोटोत चित्र स्पष्ट झालं. कागद पांढरा दिसत होता, म्हणजे आता रंगावर विश्वास ठेवता येत होता. पुसलेल्या मशरूमवरची चमक गेली होती, ते पाणीच होतं. चिकटा असता तर पुसल्यावरही थर राहिला असता आणि टिश्यूला तपकिरी चिकट डाग लागला असता. चिरलेल्याचा गर पांढरा आणि भरीव होता. पाकिटाच्या तळाच्या दोन मशरूमवर मात्र खोलगट, ओले डाग होते आणि टिश्यू घासला की त्यांची साल सरकत होती. ते दोन टाकले. बाकीच्यांना आंबूस वास नाही, बोटाला चिकटत नाहीत, हे तिने स्वतः बघितलं आणि त्याच संध्याकाळी ते शिजवले. वास आणि चिकटपणा फोटोत येत नाही, त्यामुळे ती तपासणी ज्याच्या हातात पाकीट आहे त्यानेच करायची. सगळेच बुळबुळीत असते तर पूर्ण पाकीट टाकायला सांगितलं असतं. धुऊन चिकटा जातो, नासलेपण जात नाही.

मोड आलेल्या मुगाच्या फोटोत माणसं बहुतेक वेळा पांढऱ्या केसांना घाबरतात. मुळाभोवती बारीक, सारख्या लांबीची लव असेल आणि पाण्यात घातल्यावर ती मुळाला चिकटून बसत असेल, तर ती मुळाचीच लव. बुरशीचं जाळं एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरतं, दाण्यांचे गठ्ठे होतात आणि त्यात राखाडी किंवा काळी छटा येते. मुळाचं टोक थोडं तपकिरी होणं हे शिळेपण आहे. मोड मऊ पडून अर्धपारदर्शक झाले, पाकिटाच्या तळाशी गढूळ पाणी साठलं, किंवा चिमटीत धरून ओढले की तार सुटली, तर सरळ फेकायचे.

पण मोडांच्या बाबतीत अगदी स्वच्छ फोटोही पुरत नाही. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलायची साथ पसरली. जवळपास चार हजार माणसं आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. असे जंतू बियांसोबतच येतात आणि मोड काढण्यासाठी लागणाऱ्या उबेत, ओलाव्यात झपाट्याने वाढतात. त्यांनी ना चिकटा येतो, ना रंग बदलतो, ना वास सुटतो. त्यामुळे विकतचे मोड कितीही टवटवीत दिसले तरी ते फ्रीजमध्येच ठेवावेत आणि कोशिंबिरीत कच्चे घालण्याऐवजी आतपर्यंत वाफ येईतो शिजवावेत. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर कच्चे मोड ताटात वाढूच नयेत.