उसाच्या शेतात ऊन किती मुरतं?

कोल्हापूर-सांगलीकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी सव्वापाच युनिट ऊन पडतं. युनिट म्हणजे वीजबिलावरचंच. वर्षाचा आणि हेक्टरचा गुणाकार केला, तर जवळपास 1.9 कोटी युनिट होतात. त्यातलं उसात किती उतरतं?

सुरू हंगामाचा, म्हणजे बारा महिन्यांचा चांगला ऊस घेऊ. हेक्टरी शंभर टन. त्यात सत्तर टन तर पाणीच. कोरडा माल तीस टन. वाढे आणि पाचट यांचा कोरडा माल पंधरा टन धरला, की जमिनीवरचं एकूण पीक पंचेचाळीस टन होतं. किलोमागे साधारण पावणेपाच युनिट उष्णता, म्हणजे सगळे मिळून सुमारे दोन लाख चौदा हजार युनिट. पडलेल्या उन्हाच्या एक टक्क्याहून थोडं जास्त!

हा आकडा ऐकून उसाला आळशी ठरवायचं कारण नाही. उन्हातला निम्मा भाग पानाला वापरताच येत नाही. काही प्रकाश परावर्तित होतो, काही साखर रात्रंदिवस चालणाऱ्या श्वसनात खर्च होते. तरीही ऊस गहू-भातापेक्षा सरस आहे. तो कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधतो आणि पानाच्या शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन मोकळा करतो. तिथे तो दाट झाल्याने प्रकाशश्वसनातली नासाडी जवळजवळ टळते. हॅच आणि स्लॅक यांनी 1966 साली ऑस्ट्रेलियात हा मार्ग मांडला तो उसावरच काम करून. अशा पिकांची सैद्धांतिक कमाल सहा टक्क्यांच्या आसपास येते.

मग सहाचा एक कसा होतो? बराचसा दोष वेळापत्रकाचा. सुरू लागण जानेवारी-फेब्रुवारीतली. मार्च ते मे ऊन सर्वांत कडक, आणि नेमके तेव्हा फुटवे लहान, सऱ्या उघड्या. ऊन मातीवर पडून जमीनच तापते. पानांनी सरी झाकेपर्यंत आभाळात ढग आलेले असतात. जुलै-ऑगस्टच्या आडसाली लागणीला पुढचा उन्हाळा भरल्या पानांनी मिळतो, म्हणून तिचं उत्पादन जास्त येतं. पण ती सोळा-अठरा महिने रानात असते, तेवढं जास्त ऊनही हिशेबात धरावं लागतं. त्यामुळे टक्का उत्पादनाइतका वाढत नाही.

शेतात हे ओळखणं सोपं आहे. भर दुपारी सरीत उभं राहून खाली बघावं. जेवढी जमीन उन्हात चमकते, तेवढी त्या घडीची कमाई बुडाली. मात्र सरी पूर्ण झाकलेली असली तरी पाण्याचा ताण पडला, की पानांची छिद्रं मिटतात आणि अंगावर पडलेलं ऊनही वाया जातं.

साखरेपुरतं बोलायचं तर वाटा आणखी आक्रसतो. अकरा टक्के उताऱ्याने शंभर टनांतून अकरा टन साखर मिळते, म्हणजे पन्नास हजार युनिट, उन्हाच्या पाव टक्क्याच्या आसपास. बाकीचं बगॅस, मळी, वाढे आणि पाचटात राहतं. बगॅस कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातो, वाढे जनावरांना. पाचट हेक्टरी दहा टन निघालं, तर त्यातली उष्णता पंचेचाळीस हजार युनिटांच्या घरात जाते, म्हणजे जवळपास साखरेइतकीच. तोडणीनंतर काडी लावली, की ती तासाभरात संपते.