नर्सरीतून आणलेलं हिरवंगार झाड घरी येताच पानं का गाळतं?

नर्सरीत डेरेदार दिसणारं फायकसचं झाड हौसेनं घरी आणलं जातं. सोफ्याशेजारचा कोपरा त्याला मिळतो, फोटो स्टोरीवर जातो. चार-पाच दिवसांनी फरशीवर पानं दिसायला लागतात. दहाव्या दिवशी रोज मूठभर पानं झाडून काढावी लागतात आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी हिरवीच असतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, पाणी कमी पडतंय. दुसरं म्हणतं, कुंडी बदला, खत घाला. महिन्याभरात झाड खरंच मरतं आणि दोष नर्सरीवाल्याला जातो.

प्रत्यक्षात सुरुवातीची पानगळ हा बहुतेक वेळा आजार नसतो. झाड आपला खर्च कमी करत असतं. ते मरतं ते अनेकदा पानगळीमुळे नाही, तर ती बघून घाबरून केलेल्या उपायांमुळे. हे नेमकं कसं घडतं, ते फायकस बेंजामिनाच्या उदाहरणावरून समजून घेऊ. छोट्या, चकचकीत, टोकदार पानांचं हे झाड पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक नर्सरीत मिळतं आणि नव्या घरात पानं गाळण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे.

नर्सरी आणि हॉल यांच्यात फरक किती?

पुण्यात सोलापूर रस्त्यानं हडपसरच्या पुढे उरुळी कांचनपर्यंत गेलात तर दोन्ही बाजूंना नर्सऱ्या दिसतात. तिथली झाडं उघड्यावर किंवा हिरव्या शेडनेटखाली वाढतात. उन्हाळ्यातल्या दुपारच्या थेट उन्हात प्रकाश साधारण एक लाख लक्सपर्यंत जातो. पंचाहत्तर टक्के सावली देणारं नेट लावलं, तरी झाडाला पंचवीस हजारांच्या आसपास मिळतात.

आता फ्लॅटमध्ये या. ऊन थेट येत नसेल, तर खिडकीला अगदी लागून एक-दोन हजार लक्स मिळतात. खिडकीपासून आठ-दहा फूट आत, सोफ्याच्या कोपऱ्यात, हा आकडा शंभर-दोनशेवर येतो. आपल्याला तो कोपरा उजेडाचा वाटतो, कारण आपले डोळे कमी प्रकाशाशी पटकन जुळवून घेतात. झाडाला मात्र कालच्या प्रकाशाचा शंभरावा भागही मिळत नाही. मोबाईलवर लक्स मोजणारं एखादं ॲप घेऊन गॅलरीत आणि कोपऱ्यात मोजून पाहा. आकडा अचूक नसेल, पण फरक कळेल.

पानांचा जमाखर्च

प्रत्येक पान प्रकाशात अन्न तयार करतं, ही जमा. जिवंत राहण्यासाठी ते रात्रंदिवस अन्न खर्चही करतं. भर उन्हात वाढलेलं पान जाड असतं. तिथे जमा भरपूर असल्यामुळे हा मोठा खर्च परवडतो. तेच पान अंधाऱ्या कोपऱ्यात आलं की जमा घटते, पण खर्च फारसा घटत नाही. पान कमावण्यापेक्षा जास्त खायला लागतं.

अशी पानं सांभाळणं झाडाला परवडत नाही. निरोगी पानातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठाकडे सतत वाहत असतं. पान कामात आहे, असा तो निरोपच असतो. पान कमकुवत झालं की हा निरोप क्षीण होतो आणि इथिलीन वायूचा प्रभाव वाढतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो, त्या पेशींना जोडून ठेवणारा भाग विरघळतो आणि पान सुटून पडतं. हे पान वाऱ्यानं तुटलेलं नसतं. झाडानं ते स्वतःहून सोडलेलं असतं.

त्यानंतर, पुरेसा प्रकाश असेल तर, फांद्यांच्या टोकांना नवी पानं फुटतात. ती जुन्यापेक्षा पातळ आणि थोडी पसरट असतात. कमी प्रकाशात कमी खर्चात चालणारी ही पानं म्हणजे झाडानं नव्या घरासाठी केलेली सोय.

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या अपोप्का इथल्या केंद्रात चार्ल्स कोनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी १९७०च्या दशकात या प्रश्नावर बरंच काम केलं. घरात ठेवायची झाडं विक्रीआधी काही काळ सावलीत वाढवली, तर घरात गेल्यावर ती खूप कमी पानं गाळतात, हे त्या काळातल्या प्रयोगांतून पुढे आलं. याचाच अर्थ, झाडाची तयारी कुठे झाली आहे यावर बरंच काही ठरतं.

म्हणून नर्सरीत काय विचारायचं?

पहिला प्रश्न: हे झाड इथे किती दिवसांपासून आहे? पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये आंध्र प्रदेशातल्या कडियमसारख्या लांबच्या ठिकाणांहूनही माल येतो. बंद ट्रकमधल्या अंधाऱ्या प्रवासाचा ताण झाडावर असतोच. काल उतरलेलं झाड आज घरी आणलं, तर त्याला एकामागोमाग दोन बदल सोसावे लागतात. महिनाभर तिथेच असलेलं झाड घेणं केव्हाही बरं.

दुसरा प्रश्न: हे उन्हात होतं की नेटखाली? घरात ठेवायचं असेल तर नेटखालचंच निवडा. पानांची मागची बाजू आणि देठांचे सांधे नीट पाहा. पांढरा कापसासारखा चिकटा, बारीक जाळी किंवा चिकट थर दिसला तर ते झाड सोडून द्या.

पहिला महिना कसा काढायचा?

समजा, नोव्हेंबरमध्ये कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तीन फुटी फायकस आलं. ते प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि पिशवीत लाल माती आहे.

पहिला आठवडा झाड गॅलरीत ठेवावं. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली मिळेल अशी जागा उत्तम. घरातल्या इतर झाडांपासून ते लांब ठेवलं तर लपलेली कीड पसरायच्या आत दिसते. दुसऱ्या आठवड्यात ते गॅलरीच्या दाराशी, आतल्या बाजूला आणावं. तिसऱ्या आठवड्यात कायमच्या जागी, म्हणजे खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत. एकूण दोनच हलवाहलवी, त्याही उजेडाकडून सावलीकडे. एकदा कायमच्या जागी आल्यावर आज इथे, उद्या तिथे करू नये. प्रत्येक नव्या जागी जमाखर्च पुन्हा बदलतो आणि पानगळ पुन्हा सुरू होते.

खिडकी निवडताना पुण्याचा सूर्यही लक्षात घ्या. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. मेच्या मध्यात पुण्यात शून्य सावली दिवस असतो. त्या सुमारास भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि त्याच खिडकीतून आत फार कमी ऊन येतं. म्हणजे हिवाळ्यात सुखात असलेलं झाड उन्हाळ्यात त्याच जागी थोडी पानं गाळू शकतं. त्यात मार्च-एप्रिलमध्ये दुपारची हवाही फार कोरडी असते. एसीच्या थेट झोतात तर झाड ठेवूच नये.

पाणी: इथेच सगळं बिघडतं

पानं गळताना दिसली की हात आपोआप मगाकडे जातो. पण झाड पाणी मुख्यतः पानांवाटे बाहेर टाकतं. पानं निम्मी झाली, प्रकाश घटला, की त्याची तहानही कमी होते. नर्सरीत रोज लागणारं पाणी घरात रोज घातलं, तर माती ओलीच राहते. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड सुकल्यासारखं दिसतं. मग आणखी पाणी घातलं जातं.

वार ठरवून पाणी देऊ नका. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर थांबा. कोरडं वाटलं तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्या आणि थाळीत साचलेलं ओतून टाका. पाणी दिल्यानंतर आणि सुकल्यावर कुंडी उचलून पाहिली, तर काही दिवसांत वजनावरूनच अंदाज यायला लागतो.

कुंडी लगेच बदलायची का?

नको. कुंडी बदलताना पाणी शोषणारी बारीक मुळं तुटतात. प्रकाशाचा धक्का सोसणाऱ्या झाडाला त्याच आठवड्यात हा दुसरा धक्का कशाला? पिशवीच्या तळाला भोकं आहेत ना ते पाहा आणि तळाशी भोक असलेल्या कुंडीत पिशवी तशीच उभी ठेवा. साधारण महिन्याभरानं, नवे कोंब दिसू लागले की पिशवी कापून काढा. नवी कुंडी जुन्या मातीच्या गोळ्यापेक्षा दोनेक इंचच मोठी असावी.

नर्सरीतला मातीचा गोळा पुष्कळदा घट्ट, चिकट असतो. त्याच्याभोवती नुसतं भुसभुशीत कोकोपीट भरलं तर पाणी बाजूनं निघून जातं आणि गोळा आत कोरडाच राहू शकतो, किंवा गोळा ओला आणि बाजू कोरडी असं होतं. म्हणून गोळ्याची बाहेरची माती हलक्या हातानं मोकळी करा आणि नव्या मिश्रणातही थोडी माती ठेवा. गोळा पूर्ण फोडून मुळं धुण्याची गरज नाही.

खतही नवे कोंब येईपर्यंत नकोच. झाड वाढत नसताना घातलेलं खत मातीत साचतं आणि मुळांना त्रास देतं.

जुळवून घेतंय की मरतंय, कसं ओळखायचं?

नेहमीच्या पानगळीत फांद्या लवचिक राहतात, टोकाचे कोंब हिरवे असतात आणि दोन-तीन आठवड्यांनी गळती हळूहळू थांबते. नवी पानं यायला दीड-दोन महिनेही लागू शकतात. शंका वाटली तर नखानं फांदीची साल जराशी खरवडा. खाली हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडी आणि कटकन मोडणारी फांदी मेलेली असते. तेवढीच कापावी.

काळजीची लक्षणं वेगळी आहेत. कोवळी टोकं काळी पडणं, मातीला कुजका वास येणं, बुंधा मऊ लागणं किंवा महिना उलटूनही गळती तशीच असणं. अशा वेळी झाड अलगद बाहेर काढून मुळं पाहा. पांढरट, घट्ट मुळं चांगली. तपकिरी, लिबलिबीत मुळं कापून टाका, नव्या कोरडसर मातीत लावा आणि पाणी आवरतं घ्या. बरीचशी मुळं गेली असतील, तर मात्र झाड वाचणं कठीण असतं.

पानांवर पांढरे किंवा तपकिरी भाजल्यासारखे डाग आले, तर गोष्ट उलटी आहे. नेटखालचं झाड एकदम गच्चीवरच्या उन्हात गेलं की असं होतं. ते डाग जात नाहीत. झाड सावलीत घ्या आणि उन्हाची सवय आठवड्या-आठवड्यानं वाढवा.

आणि एक मर्यादाही आहे. खिडकीपासून लांब, दिवसाही दिवा लावावा लागेल अशा कोपऱ्यात फायकस कितीही काळजी घेतली तरी टिकत नाही. पानं गळत राहतील, नवी येणार नाहीत. तिथे स्नेक प्लांट किंवा झीझी प्लांट ठेवावं आणि फायकसला खिडकी द्यावी.