स्विचच वाटतो पत्ते

तालुक्याच्या गावातली एखाद्या पतसंस्थेची शाखा डोळ्यांसमोर आणा. बारा संगणक, दोन प्रिंटर, कॅमेऱ्यांचा एक डीव्हीआर, हजेरीचं बोटाच्या ठशाचं यंत्र आणि भिंतीवर वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट. सगळ्यांच्या तारा एका लोखंडी कपाटातल्या स्विचमध्ये जातात. सर्व्हर ठेवायला वेगळी खोली नसते आणि तो सांभाळायला माणूसही नसतो. तरी यातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता लागतोच, आणि एक पत्ता दोघांकडे असून चालत नाही.

पत्ते आपोआप वाटण्याच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. हे काम मुख्य कार्यालयातला सर्व्हर करू शकतो, पण बाहेरची लाइन तुटली की सकाळी सुरू केलेल्या संगणकाला पत्ताच मिळणार नाही आणि शेजारच्या प्रिंटरवर पावती काढणंही अडेल. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा राउटरही पत्ते वाटू शकतो, पण ते खोकं कंपनीचं असतं. ते बिघडलं की दुसरं येतं आणि आपण केलेली मांडणी जुन्याबरोबर जाते. म्हणून लहान शाखेत हे काम स्विचकडे देणं मला सर्वांत योग्य वाटतं. स्विच बंद पडला तर शाखेचं जाळं तसंही बंदच असतं. पत्ते वाटणारा तोच असल्यामुळे बिघाडाची आणखी एक जागा तयार होत नाही.

सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचवर ही मांडणी मोजक्या ओळींत होते. आपल्या शाखेसाठी 192.168.10.0 हे जाळं घेतलं आणि त्याचा मास्क 255.255.255.192 ठेवला, तर .1 ते .62 असे ६२ पत्ते वापरायला मिळतात. कामकाजाच्या व्हीलॅनवर स्विचचा स्वतःचा पत्ता .1 आहे, तोच सगळ्यांचा गेटवे.

```
ip dhcp excluded-address 192.168.10.1 192.168.10.15
ip dhcp pool SHAKHA
 network 192.168.10.0 255.255.255.192
 default-router 192.168.10.1
 dns-server 10.1.1.10
 lease 0 8 0
```

नवा संगणक सुरू झाला की तो अख्ख्या व्हीलॅनला उद्देशून पत्ता मागतो. मागणी कोणत्या व्हीलॅनवरून आली आणि तिथे आपला स्वतःचा पत्ता काय आहे हे स्विच पाहतो, आणि त्यावरून कोणत्या पूलमधून द्यायचं ते ठरवतो. त्या व्हीलॅनवर स्विचला पत्ताच दिला नसेल किंवा तो इंटरफेस बंद असेल, तर वरच्या सगळ्या ओळी बिनचूक असूनही स्विच गप्प राहतो. असं झालं की आधी `show ip interface brief` पाहावं.

वरच्या सहा ओळींपैकी चार ओळी कुठल्याही शाखेत जवळपास सारख्याच असतात. विचार करावा लागतो तो पहिल्या आणि शेवटच्या ओळीचा.

पहिली ओळ सांगते की .1 ते .15 हे पत्ते कुणालाही वाटायचे नाहीत. हे अशा यंत्रांसाठी राखलेले असतात ज्यांचा पत्ता कधीच बदलू नये: स्विच, ॲक्सेस पॉइंट, दोन्ही प्रिंटर, डीव्हीआर आणि हजेरीचं यंत्र. ही ओळ पूलच्या आत नसते, बाहेर स्वतंत्र लिहावी लागते, आणि ती पूलच्या आधी लिहावी. पूल तयार होताच स्विच मोकळा पत्ता दिसेल तसा खालच्या आकड्यांपासून द्यायला लागतो. एकदा दिलेला पत्ता मुदतीच्या मध्यात यंत्राकडून हिसकावून घेण्याची सोय नसते. त्यामुळे मागाहून तो वगळला, तरी ज्याला मिळालाय तो काही वेळ वापरतच राहतो.

इथे नेहमी होणारी चूक स्विचवर होतच नाही, ती प्रिंटरच्या पडद्यावर होते. समजा, प्रिंटर बसवायला आलेल्या माणसाने त्यात 192.168.10.20 असा पत्ता हाताने टाकला, कारण त्या क्षणी तो मोकळा दिसत होता. स्विचला याची काहीच कल्पना नाही. संध्याकाळी प्रिंटर बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी लॅपटॉप जोडला आणि वाटपात .20 ची पाळी आली. सिस्कोचा स्विच पत्ता देण्याआधी त्यावर दोनदा पिंग करून पाहतो आणि प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उत्तराची वाट बघतो. प्रिंटर बंद असल्याने उत्तर येत नाही, आणि .20 लॅपटॉपला मिळतो. दहा वाजता कुणीतरी प्रिंटर सुरू करतं आणि आता एकाच पत्त्याचे दोन धनी होतात.

याची लक्षणं फसवी असतात. छपाई एका टेबलावरून होते आणि दुसऱ्यावरून होत नाही. लॅपटॉपवालीचं इंटरनेट मध्येच जातं आणि थोड्या वेळाने परत येतं. लोक केबल बदलतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात. `show ip arp` थोड्या थोड्या वेळाने दिलं आणि .20 समोरचा मॅक पत्ता बदलताना दिसला, तर निदान झालं म्हणून समजा. पुष्कळदा `show ip dhcp conflict` मध्येही खूण सापडते. पत्ता देण्याआधीच्या पिंगला कुणी उत्तर दिलं, किंवा पत्ता घेतल्यावर यंत्राला तो दुसऱ्याकडे आहे असं कळून त्याने तो नाकारला, की तो पत्ता या यादीत जातो. यादीत गेलेला पत्ता, कुणी `clear ip dhcp conflict *` देऊन सोडवीपर्यंत, पुन्हा वाटला जात नाही. ज्या शाखेत वर्षभर कुणी ही यादी उघडून पाहत नाही, तिथे वाटण्याजोगे पत्ते हळूहळू कमी होत जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

उपाय दोन आहेत. प्रिंटरचा पत्ता राखीव पट्ट्यात आणावा, म्हणजे .20 चा .5 करावा. तो बदलणं अवघड असेल, तर `ip dhcp excluded-address 192.168.10.20` अशी आणखी एक ओळ द्यावी. मला पहिला उपाय आवडतो, कारण विखुरलेले अपवाद लक्षात राहत नाहीत. आज सहाच यंत्रांना कायमचा पत्ता हवा असला, तरी १५ पत्ते राखून ठेवणं म्हणूनच योग्य आहे. पुढे आणखी एक कॅमेरा किंवा टोकनचं यंत्र आलं तर जागा तयार असते. आणि राखीव पट्ट्यातला कोणता पत्ता कुणाचा, हे स्विच लिहून ठेवत नाही. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असावा.

आता शेवटची ओळ. `lease 0 8 0` म्हणजे शून्य दिवस, आठ तास, शून्य मिनिटं. ही ओळ दिलीच नाही तर सिस्कोचा स्विच एक दिवसाची मुदत धरतो. मुदत संपायची वाट यंत्र पाहत नाही. अर्धी उलटली की, म्हणजे इथे चार तासांनी, ते स्विचला विचारून मुदत वाढवून घेतं. उत्तर आलं नाही तर साधारण सात तासांनी ते पुन्हा सर्वांना उद्देशून विचारतं, आणि आठ तास पूर्ण झाले की पत्ता सोडतं. त्यामुळे दुपारी स्विच पाच मिनिटं बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी कुणाचा पत्ता जात नाही.

कर्मचाऱ्यांच्या संगणकांसाठी एक दिवस काय आणि आठ तास काय, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ग्राहकांना वाय-फाय दिल्यावर. ६२ मधून १५ वगळले की ४७ उरतात. बारा संगणक आणि कर्मचाऱ्यांचे बारा मोबाइल धरले तर २४ गेले, राहिले २३. रोज ४० ग्राहक आपला मोबाइल जोडतात असं समजू. प्रत्येक जण वीस मिनिटांत काम आटोपून निघून जातो, पण मोबाइल जाताना सहसा पत्ता परत देत नाही. स्विचच्या हिशेबी तो पत्ता मुदत संपेपर्यंत त्याचाच असतो. एक दिवसाची मुदत असेल तर दुपारपर्यंत २३ पत्ते संपतात आणि पुढच्या ग्राहकाचा फोन जोडणी पूर्ण होण्याची वाट बघत राहतो. त्याच वेळी नवा लॅपटॉप घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याला 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसतो. पत्ता मागितला, पण कुणी दिला नाही म्हणून यंत्राने स्वतःच एक लावून घेतला, असा त्याचा अर्थ.

मुदत दोन तासांची केली तर चित्र बदलतं. सात तासांत ४० ग्राहक म्हणजे तासाला सहाच्या आसपास. कोणत्याही क्षणी फक्त गेल्या दोन तासांतल्यांचे, म्हणजे बारा-तेरा पत्ते अडकलेले असतात. पेन्शनच्या दिवशी गर्दी दीडपट झाली तरी वीसच्या आतबाहेर राहतात. तरीही ग्राहकांना कामकाजाच्या व्हीलॅनमध्ये घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी वेगळा व्हीलॅन, वेगळा पूल आणि त्यात `lease 0 2 0`. कर्मचाऱ्यांकडे आठ तास कायम. वेगळ्या व्हीलॅनमध्ये ग्राहकांना कामकाजाच्या यंत्रांपर्यंत पोहोचू न देण्याचा नियमही स्विचवर लिहावा लागतो, कारण दोन्हींच्या मध्ये वाट तोच करून देतो. पत्ते किती गेले ते `show ip dhcp pool` मध्ये दिसतं. मात्र तिथे एकूण म्हणून दाखवलेल्या आकड्यात वगळलेले पत्तेही धरलेले असतात, तेव्हा ते वजा करूनच वाचावा.

स्विचकडे हे काम देताना एक उणीव माहीत असायला हवी. कुणाला कोणता पत्ता दिला ही यादी त्याच्या मेमरीत असते, आणि वीज जाऊन तो पुन्हा सुरू झाला की ती पुसली जाते. यंत्रांकडे मात्र पत्ते तसेच असतात. स्विच पुन्हा खालच्या आकड्यांपासून वाटप सुरू करतो. पिंगमुळे बहुतेक टक्कर टळते, पण ज्या संगणकाचा फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही, त्याचा पत्ता मोकळा समजून दुसऱ्याला देऊ केला जातो. घेणाऱ्याने तो नाकारला, की तो जातो मघाच्या संघर्षाच्या यादीत. जिथे वीज वारंवार जाते तिथे स्विच यूपीएसवर ठेवावा आणि ही यादी फाइलमध्ये लिहून ठेवायला सांगावं:

```
ip dhcp database flash:dhcp-yadi.txt
```

लीजचा विचार आणखी एका प्रसंगी आठवणीने करावा. मुख्य कार्यालयाने डीएनएस सर्व्हर बदलला आणि आपण पूलमध्ये नवा पत्ता टाकला, तर तो यंत्रांपर्यंत त्यांनी मुदत वाढवून घेतली तेव्हाच पोहोचतो. आठ तासांच्या मुदतीत काही संगणकांकडे चार तास जुनाच पत्ता राहील. म्हणून बदल सोमवारी सकाळी होणार असेल, तर शनिवारी दुकान उघडताच मुदत अर्ध्या तासावर आणावी. दुपारपर्यंत चालू असलेली सगळी यंत्रं नव्या मुदतीवर येतात. सोमवारी डीएनएसची ओळ बदलली, की पाऊण तासाच्या आत सगळ्यांकडे नवा पत्ता पोहोचलेला असतो. मग संध्याकाळी मुदत पुन्हा आठ तास करावी आणि `write memory` द्यायला विसरू नये.